गुरुजींचं शेवटचं प्रूफ

वाईच्या एका गुरुजींचं त्रैमासिक सांगलीतल्या आमच्या छापखान्यात वडिलांच्या काळापासून छापलं जायचं. दोनशे प्रतींत आता कागदाचाही खर्च निघत नव्हता. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी भेकडासारखा ईमेल केला: यापुढे जमणार नाही, क्षमस्व. पुढचे दोन अंक जुन्याच दरात छापून देतो. साताऱ्याच्या एका छापखान्याशी बोललोय, तुम्ही म्हणाल तेव्हा सगळ्या फाइली त्यांच्याकडे पाठवतो.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. गुरुजींनी माझा ईमेल कागदावर छापून, नेहमीसारखा लाल शाईनं तपासून, स्कॅन करून पाठवला होता. दोन स्वल्पविराम घातले होते. ‘क्षमस्व’ खोडलं होतं. खाली सही आणि प्रत्येक प्रुफावर ते लिहायचे तीच ओळ: ‘छपाईस हरकत नाही.’