भाजणी, लोणचं आणि मुलाची खोली

"ताई, भाजणीचा खप वाढायचा थांबला हो आपला," माझी भागीदारीण म्हणाली. "आता लोणचं काढूया."

भाजणीची शेवटची कढई उतरवून मी नुकती खुर्चीत टेकले होते. कमरेला पट्टा आणि केसात बाजरीचा भुसा, अशी माझी अवस्था. मनात म्हटलं, लोणचं कसलं डोंबलाचं काढतेस, आधी मला श्वास घेऊ दे.

ती एका फौजी अधिकाऱ्याची बायको, मूळची कोल्हापूरची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. छावणीतल्या क्वार्टरमध्ये सामान ठेवायची सोय नाही, म्हणून धंदा सगळा आमच्या जानकीपुरमच्या घरात. नवऱ्याच्या औषध संशोधनातल्या नोकरीमुळे आम्ही लखनऊला आलो आणि इथलेच झालो. आधी मी ओळखीच्या मराठी घरांना थालीपिठाची भाजणी करून देत होते. मग शेजारच्या मिश्राइनला ती आवडली, तिनं बहिणीला सांगितलं, आणि हा व्याप मागे लागला. भाजायचं, निवडायचं, गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं द्यायची, हे माझ्याकडे. पाकिटं, कुरिअर आणि विक्रीची नोंद तिच्याकडे.

तिनं मोबाइलवर आलेख दाखवला. महिन्याला साठ किलो. पुढच्या महिन्यात साठ, त्याच्या पुढच्या महिन्यात साठ. रेघ चादरीसारखी सपाट.

"ज्यांना खायची ती खातात. यापुढे वाढणार नाही. त्याच लोकांना दुसरं काहीतरी विकायला हवं."

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" मी म्हटलं. "साठ खपतेय ना? मग खपू दे की साठच."

मी एवढी फणकारले कारण लोणच्याला जागा लागते. बरण्या जड, तेल झिरपतं, आणि पीठ शेजारचा वास ओढून घेतं, म्हणजे भाजणीच्या रॅकजवळ त्या ठेवायच्या नाहीत. घरात मोकळी अशी एकच खोली होती, मुलाची. तो बंगळुरूला नोकरीला आहे. वर्षातून एकदा दिवाळीला येतो, कधी तेही हुकतं. पण पलंगावर धुतलेली चादर असते, टेबलावरची धूळ मी रोज पुसते. ती खोली मला द्यायची नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. नुसतं "मागणीच नाही" म्हणत बसले.

नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, लोणचं कुणी मागितलंय का ते तरी बघा. अंदाजानं कशाला भांडता?"

मला ते पटलं. कुणी लोणचं मागितलंच नाही हे दाखवलं की विषय संपला. दुपारी आडवी होऊन मी जुने मेसेज चाळायला घेतले. लोणच्याबद्दल मोजक्याच लोकांनी विचारलं होतं, आणि तेही सहज. पण दर महिन्याच्या वीस तारखेनंतरचे मेसेज वाचता वाचता मी उठूनच बसले. "भाभीजी, भाजणी है क्या?" "आंटी, दो पैकेट मिलेंगे?" "काकू, संपली का हो परत?" आणि प्रत्येकाखाली माझंच उत्तर, "खत्म हो गई, अगले महीने." पुढच्या महिन्यातही तेच. काहींनी मग विचारणंच सोडलेलं.

यातलं काहीच तिच्या नोंदीत नव्हतं. ती नोंदवायची ते विकलेलं. नाही म्हणून परत पाठवलेलं माझ्या फोनमध्ये पडून होतं, आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मला त्यात सांगण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. साठ किलो ही लोकांची भूक नव्हती. साठ किलो ही आमच्या घरातल्या बोळातल्या दोन रॅकची आणि जेवणाच्या टेबलाची ऐपत होती. भाजलेलं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला नेता येत नाही. गरम दळलं तर पिठाला ओल सुटते, गुठळ्या होतात आणि ते लवकर खवट होतं. टेबलावर मावेल तेवढं आम्ही गार करत होतो आणि त्यालाच मागणी म्हणत होतो.

गप्प बसता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी तिला मेसेज दाखवलेच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! धंद्यात खोटं बोलायचा कंटाळा येतो मला, आणि त्या पोरीनं त्यात स्वतःची जमापुंजी घातली होती.

ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वीस तारखेला माल संपतो आणि मी महिन्याची बेरीज बघत बसले. अरे देवा!"

तरी लोणच्याचा हट्ट तिनं लगेच सोडला नाही, आणि ते बरोबरच होतं. आधी दोन्ही करून बघू, असं ठरलं. एक महिना भाजणी दुप्पट, आणि लोणचं फक्त आगाऊ मागणी येईल तेवढंच. दुप्पट धान्य गार कुठे करायचं? "एकदाच," असं म्हणत मी मुलाच्या खोलीत जमिनीवर स्वच्छ चादरी अंथरल्या आणि पंखा लावला. दाराशी उभी राहिले तर खोलीला धण्यांचा वास येत होता. मला रडू आलं. म्हटलं, वय झालं, दुसरं काही नाही.

दुप्पट भाजणी महिना संपायच्या आत गेली. जे विचारायचे थांबले होते, त्यांना मी आपणहून कळवलं, तर निम्मे परत आले. लोणच्याच्या बरण्याही सगळ्या गेल्या, आणि दोन कुरिअरमध्ये गळल्या. पण बरणी घरात गेली की सहा महिने पुरते. भाजणीचं गिऱ्हाईक महिन्याभरात पुन्हा दारात. शिवाय कैरी वर्षातून एकदाच, म्हणजे वर्षभराचे पैसे आणि वर्षभराच्या बरण्या आधीच अडकवून ठेवायच्या.

"आधी भाजणीच वाढवू, ताई," ती म्हणाली. "उपासाची पण करू, छोटी पाकिटं काढू. ती पुरून उरायला लागली की मग लोणचं बघू." मग चाचरत, "पण ती खोली मग कायमची लागेल ना हो?"

लोणचं घालवायला म्हणून मी मेसेज काढले, आणि त्याच मेसेजनी खोली मागितली. आपलेच दात, आपलेच ओठ, बोंबलायचं कुणापुढे?

"मुलाला विचारते," मी म्हटलं.

रविवारी फोन केला. आधी जेवलास का, मग हवा कशी आहे, सगळं विचारून झालं. मग एकदाचं सांगितलं, की भाजणी खूप जातेय, जागा पुरत नाही, तुझ्या खोलीत रॅक लावावे म्हणते, पण तू नको म्हणालास तर नाही लावणार. खरं तर नको म्हण, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

तो हसला. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, लहानपणापासून असंच.

"अरे मम्मी, इसमें पूछना क्या? ले लो. मुझे तो लगा था, कब का स्टोर बना दिया होगा."

"हो का," मी म्हटलं.

नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

"घ्या म्हणाला."

"मग बरं झालं की."

"हो, बरंच झालं," मी म्हटलं, आणि पलंगावरची चादर काढायला गेले.