काम नव्हे, प्रशिक्षण

आठवड्याला आठ तास. पीएचडीच्या प्रवेशपत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं. दरमहा विद्यावेतन मिळेल, त्याबदल्यात खालच्या वर्गांच्या प्रयोगशाळेत आठ तास मदत करायची, विद्यावेतन जास्तीत जास्त पाच वर्षं, दर सत्राला मार्गदर्शकाने 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं तरच पुढचं सत्र, आणि या काळात दुसरीकडे कुठेही पैसे घेऊन काम करायचं नाही. मी वाचलं, सही केली आणि अब्बांना दाखवलं. कसबा पेठेत आमचं बाइंडिंगचं दुकान. अब्बांनी आयुष्यभर लोकांचे प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधले, पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकली. स्वतःच्या घरातला एकही नाही. "तुझ्यासाठी चांगलं रेक्झिन बाजूला काढून ठेवतो," एवढंच म्हणाले.

आठ तास म्हणे! प्रयोगशाळेतलं एक प्रॅक्टिकलच चार तासांचं. त्याच्या आधी द्रावणं तयार करा, नंतर जर्नलं तपासा, मग अंतर्गत परीक्षेवर सुपरव्हिजन, मग विभागप्रमुख सरांच्या स्लाइड्स, मग बाहेरगावच्या परीक्षकांना स्टेशनवरून आणा. हे सगळं त्या आठ तासांत कसं बसतं, असं मी एकदा सरांना विचारलं. "अगं, हे काम नाहीये, हे ट्रेनिंग आहे," सर म्हणाले. तेव्हा मला ते वाक्य बरंही वाटलं, काय सांगू!

तरीही मला शिकवायला आवडायचं, हे कबूल करायला हवं. टायट्रेशन करताना थेंब कुठे थांबवायचा हे पोरांना हाताने दाखवावं लागतं, पुस्तकात ते येत नाही. कुठली ब्युरेट गळते, कुठला तराजू खोटं बोलतो, कोणत्या नळाला दुपारनंतर पाणी नसतं, हे सगळं विभागात मला ठाऊक होतं. त्यामुळे सत्र बदललं तरी प्रॅक्टिकल माझ्याकडेच. माझं स्वतःचं संशोधन मात्र ज्या यंत्रावर चालायचं, त्याची वेळ नेमकी प्रॅक्टिकलच्या दिवशी मिळायची. मी वेळ सोडून द्यायचे आणि खाली ब्युरेट धुवायचे.

तिसऱ्या वर्षी नवे हिशेब अधिकारी आले आणि एका महिन्यात आमच्या सगळ्यांच्या विद्यावेतनातून दहा टक्के कर कापला गेला. मी त्यांच्या टेबलापाशी गेले. पुण्यात टेबलापाशी जाणं म्हणजे काय, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

"काय काम आहे?"

"आमचा कर का कापला?"

"कायद्याने कापला."

"अहो, पण शिष्यवृत्तीवर कर नसतो ना?"

"शिष्यवृत्ती असेल तर नसतो. तुम्ही तर प्रयोगशाळेत शिकवता. कामाचे पैसे मिळत असतील तर तो मोबदला झाला. मोबदल्यावर कापायचा. वर्षअखेरीला विवरणपत्र भरा, उत्पन्न मर्यादेत असेल तर सगळं परत मिळेल."

"परत मिळेपर्यंत आम्ही खायचं काय?"

"ते माझ्या खात्यात येत नाही, बाई," असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे बघायला लागले. मग काय वाटलं कोण जाणे, मान वर न करताच म्हणाले, "विभागप्रमुखांचं पत्र आणा. हे काम म्हणजे शिक्षणाचाच भाग आहे, नोकरी नाही, असं लिहून आणा. मग बघतो."

पत्राचा मसुदा मीच केला. शुद्धलेखनासकट! 'विद्यावेतन शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेले असून प्रयोगशाळेतील साहाय्य हा प्रशिक्षणाचा भाग आहे. विद्यार्थी व संस्था यांच्यात नोकर-मालक असे नाते नाही.' सरांनी एकदा वाचलं, "झकास लिहिलंयस" म्हणाले आणि सही ठोकली. पुढच्या महिन्यापासून पैसे पूर्ण आले. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर पुढच्या वर्षी परत मिळाले. आमच्या सगळ्या पोरापोरींनी मला अमृततुल्यात चहा पाजला. मी स्वतःला फार शहाणी समजले.

पाच वर्षं संपली तेव्हा प्रबंधाचं एक प्रकरण राहिलं होतं. ज्या यंत्राची वेळ मी सोडत गेले, त्यावरचंच. मुदतवाढीचा अर्ज केला. समितीने गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतला, कौतुकाचे दोन शब्द बोलली आणि निधी नाही म्हणाली. नोंदणी राहील, ग्रंथालय वापरता येईल, यंत्र वापरता येईल, फी दर सत्राला भरायची, पैसे मात्र मिळणार नाहीत. म्हणजे शिकायला मोकळीक, जगायला नाही. मला इतका संताप आला की मी पायी घरी आले, रिक्षाचेही पैसे वाचवायचे होते म्हणा.

आता दोनच वाटा होत्या. खालाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा खराडीला एका कंपनीत होता, तो म्हणत होता, "बाजी, आमच्याकडे मॅन्युअल लिहायला माणूस हवाय, उद्या ये." पगार चांगला, पण सकाळी जायचं ते रात्री यायचं. तिथे गेले असते तर ते एक प्रकरण जन्मभर राहिलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसरी वाट कर्वेनगरच्या एका कॉलेजची. तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे, रसायनशास्त्राची जागा होती. सकाळचे तास घ्यायचे आणि दुपारी यंत्रावर बसायचं. अगदी मला हवं तसं. अट एकच होती, प्रयोगशाळेत शिकवल्याच्या अनुभवाचं प्रमाणपत्र. मी मनात म्हटलं, अनुभव? अहो, पाच वर्षं दुसरं केलं काय?

सरांकडे गेले. त्यांनी प्रमाणपत्राचा कागद वाचला, चष्मा काढला.

"हे कसं देता येईल?"

"म्हणजे? सर, मी शिकवलं ना?"

"शिकवलंस गं. पण अनुभवाचं प्रमाणपत्र नोकरीचं असतं. तू नोकरीत नव्हतीस. आपणच लिहून दिलंय तसं." त्यांनी फाइल उघडून पत्र माझ्यापुढे सरकवलं. माझंच 'नोकर-मालक असे नाते नाही' माझ्याकडे बघत होतं. "उद्या कुणी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर मी काय उत्तर देऊ?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा सर मागून म्हणाले, "आणि हो, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक सकाळी येतायत. नमुने तयार ठेव नेहमीसारखे."

विद्यावेतन गेल्या महिन्याअखेरीस संपलेलं. गरज सरो नि वैद्य मरो हे मी ऐकून होते, पण इथे वैद्याला मेल्यावरही औषध कुटायला सांगत होते! मी "बरं" म्हणाले नाही. "नाही" पण म्हणाले नाही. जिना उतरले.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. ते पुठ्ठ्याला खळ लावत होते. नेहमीसारखं "सबर कर" म्हणतील असं वाटलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "काम नव्हतं म्हणतात ना? मग जाऊ नकोस."

"अब्बा, पोरांची परीक्षा आहे."

"परीक्षेला अजून वेळ आहे. फक्त जाऊ नकोस."

मी गेले नाही. घरात बसून राहिले आणि सगळ्यांवर चिडचिड केली. अम्मी म्हणाली, "ही कॉलेजात होती तेच बरं होतं." परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला.

"अगं, कुठे आहेस? नमुन्यांच्या बाटल्या रिकाम्या आहेत."

"घरी आहे, सर."

"मग ये की. कोणत्या बाटलीत काय घालायचं, प्रमाण काय, इथे कुणाला सांगता येत नाहीये. नवीन मुलांनी सकाळपासून दोनदा चुकवलं."

"सर, ते माझं ट्रेनिंग होतं. माझं ट्रेनिंग संपलं."

 मग ते चिडले. कृतघ्नपणा, वय, आजकालची पिढी, सगळं झालं. मी फोन कानाला लावून ऐकत होते; पाच वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. शेवटी ते म्हणाले, "मला आत्ता माणूस पाहिजे. काम खोळंबलंय."

"काय खोळंबलंय, सर?"

  फोनमधून कुणीतरी काचेचं काहीतरी फोडल्याचा आवाज आला.

"ये," ते म्हणाले. "मी लिहून देतो."

"आधी द्या."

विभागात गेले तेव्हा पत्र तयार होतं, पण त्यात त्यांनी 'नोकरी' शब्द लिहिला नाहीच. लिहिलं की यांनी पाच वर्षे प्रथम व द्वितीय वर्षाच्या प्रयोगशाळेत नियमितपणे अध्यापन केले व त्या कामात त्या निष्णात आहेत. 'कामात' हा शब्द मी दोनदा वाचला. मग पदर खोचला आणि बाटल्या भरल्या. पोरांची परीक्षा नीट झाली. सरांनी परीक्षकांपुढे माझी ओळख 'आमची जुनी विद्यार्थिनी' अशी करून दिली.

कर्वेनगरच्या कॉलेजने ते प्रमाणपत्र चालवून घेतलं. सकाळी तास, दुपारी यंत्र, असं वर्षभर चाललं आणि ते एक प्रकरण झालं. त्याआधी, कामाला लागल्यावर तीन महिन्यांनी, कॉलेजने पहिलं मानधन एकदम दिलं होतं. त्यासोबत आलेली पावती मी दुकानात उभी राहून वाचली, आणि तिसऱ्या ओळीवर थबकले.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं.

"कर कापलाय. दहा टक्के."

"मग भांड जाऊन. तुला येतंच."

"नको," मी म्हटलं. पावतीची घडी घातली. "कापू दे. कामाचे आहेत."

अब्बा उठले. माळ्यावर चढले आणि पाच वर्षं बाजूला ठेवलेलं रेक्झिन खाली काढून त्यावरची धूळ झटकायला लागले.