शनिवारची साफसफाई आणि केळीचा कर्नल

मला पसारा सहन होत नाही. घरी चपला एका रेषेत नसतील तर माझं जेवण उतरत नाही, आणि बायको म्हणते की या माणसाला नोकरी नको होती, झाडू द्यायला हवा होता. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी गेली तेवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतो. पायथन ही संगणकाची भाषा मी पंचेचाळिशी उलटल्यावर शिकलो, आणि उशिरा शिकलेल्या माणसाला असतो तसा त्याचा मला जरा जास्तच अभिमान आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एक मोठं यंत्र आहे. एमएस्सीची सगळी मुलं आपापले प्रकल्प त्यावरच चालवतात. प्रत्येकाचं काम वेगळं, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, वेगळ्या, म्हणून प्रत्येकाला त्या यंत्रात स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करून दिलेलं असतं. एन्व्हायर्नमेंट म्हणजे एकाच वाड्यात प्रत्येकाची वेगळी खोली, जिचा तिचा पायथन तिच्यात. शिवाय एक सामायिक पायथन, ज्याच्यावर ज्युपिटर, म्हणजे कोड लिहून चालवायची नोटबुकं उघडणारा प्रोग्राम, स्वतः चालतं. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम मीच छापून भिंतीवर चिकटवला होता.

प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी होती, आणि बाहेरचे परीक्षक यायचे होते. परीक्षक यायचे म्हटलं की आमच्याकडे पडदे धुतात, कुंड्यांना गेरू लावतात. मी त्याच उत्साहात शनिवारी दुपारी यंत्र साफ करायला बसलो. ज्युपिटरमध्ये कर्नलची, म्हणजे चालवायला निवडता येणाऱ्या पायथनांची, यादी उघडली तर ती हातभर लांब. टेस्ट, टेस्ट दोन, फायनल, खरा फायनल. परीक्षकांनी हे पाहिलं तर काय म्हणतील, असं मनात आलं. मी सगळे जुने कर्नल यादीतून काढले, जुनी एन्व्हायर्नमेंट पुसली आणि मुलांनी दिलेल्या लायब्ररींच्या याद्यांवरून नव्या फोल्डरात ती पुन्हा उभी केली. प्रत्येकात टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, लायब्ररी येतेय का बघितलं. येत होती. हात झटकले आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी सव्वानऊला पहिली आली ती आमची सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. पस्तिशीची, दोन मुलांची आई, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावची. लग्नानंतर बारा वर्षांनी पुन्हा शिकायला आलेली. वयामुळे मी तिला अहोजाहो करायचो. तिचा प्रकल्प मला मनापासून आवडलेला होता. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या बागेतल्या केळीच्या घडांच्या फण्या, खोडाचा घेर, घड बाहेर पडल्यापासूनचे दिवस, हे सगळं तिनं वर्षभर वहीत टिपलं होतं, आणि त्यावरून घडाच्या वजनाचा अंदाज काढणारं मॉडेल केलं होतं. केळी परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाउसनं तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, या परीक्षेत पास. आणि येऊनजाऊन शिकल्यामुळे हजेरी कमी पडून अंतर्गत गुणांत ती अगदी काठावर होती.

रोल नंबरानं तिचाच पहिला क्रम. अकराला परीक्षक.

तिनं नोटबुक उघडलं आणि मला हाक मारली. "सर, माजा केळीचा कर्नल दिसंना झालाय."

मी जाऊन बघितलं. ज्युपिटर विचारत होतं, कर्नल निवडा. यादीत एकच नाव होतं, पायथन थ्री, म्हणजे तो सामायिक पायथन. नोटबुक हे नुसतं पान असतं. त्यावर लिहिलेलं चालवायला मागे एक पायथन लागतो, आणि तो कुठला, कुठे राहतो, याची नोंद म्हणजे कर्नल. ती नोंदच नव्हती.

"निवडा की तोच," मी म्हणालो.

तिनं निवडला, पहिली ओळ चालवली, आणि लाल अक्षरात आलं की एक्सजीबूस्ट नावाचं मॉड्यूल, म्हणजे तिच्या मॉडेलची लायब्ररी, नाही.

आता माझ्या डोक्यात सणक गेली. परीक्षेच्या दिवशी सकाळी हे! "काय काय दाबलंस तू?" मी ओरडलो. अहोजाहो कुठल्याकुठे गेलं. "लायब्ररी यादीत लिहायची विसरलीस, आणि आता इथं येऊन तोंड बघतेस."

"यादीत हाय की सर. गुरवारी चाललं हुतं."

"चाललं होतं तर गेलं कुठं?"

तिनं टर्मिनल उघडलं, आपलं एन्व्हायर्नमेंट चालू केलं आणि तीच ओळ तिथं चालवून दाखवली. काही चूक आली नाही. "हितं चालतंय. तितं न्हाय," ती म्हणाली. मागं पाचसात मुलं येऊन उभी राहिली होती. मुलं बघतायत म्हणून मी आणखी चिडलो.

टेबलावर गुणपत्रक होतं. त्यात ‘तयारी’ असा एक रकाना असतो, दहा गुणांचा. तो अंतर्गत परीक्षकानं, म्हणजे मी, परीक्षा सुरू होण्याआधी भरायचा. मी पेन काढलं आणि तिच्या नावापुढे दोन लिहिले. शाईनं. तिनं ते पाहिलं. दोनात ती नापास होत होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मग मी स्वतः शेजारच्या खुर्चीत बसलो, कारण मला सगळं येतं असा माझा समज होता. "कर्नल रजिस्टर करायचा असतो," मी मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, आणि तिथल्या पडद्यावर दुसरं टर्मिनल उघडून झरझर टाइप केलं:

python -m ipykernel install --user --name keli --display-name "केळी"

नोंद झाल्याचा निरोप आला. ज्युपिटर रिफ्रेश केलं तर यादीत ‘केळी’ हजर. मी मागे वळून मुलांकडे बघितलं. तिनं ‘केळी’ निवडला, ओळ चालवली.

तीच लाल अक्षरं. मॉड्यूल नाही.

"नीट निवडलंस का?" मी विचारलं. आवाज मात्र थोडा खाली आला होता.

मग तिनं नोटबुकात वरती एक नवा चौकोन घेतला आणि त्यात दोन छोट्या ओळी लिहिल्या, sys आणायचं आणि sys.executable छापायचं. आत्ता हे पान कुठला पायथन चालवतोय, त्याचा पूर्ण पत्ता त्यानं मिळतो. तिसऱ्या सत्रात हे मीच शिकवलं होतं. मी विसरलो होतो, तिच्या लक्षात होतं.

पत्ता सामायिक पायथनचा आला.

"सर, नाव माजं हाय, पन आत तुमचाच पायथन हाय," ती म्हणाली.

खरं होतं. ती आज्ञा ज्या पायथननं चालवली जाते, त्याचाच पत्ता कर्नलच्या नोंदीत लिहिला जातो. मी माझं टर्मिनल उघडलं तेव्हा तिचं एन्व्हायर्नमेंट त्यात चालू केलंच नव्हतं, त्यामुळे नुसत्या python या शब्दानं सामायिक पायथनच उठला होता. नाव काहीही द्या, नोंदीत पत्ता आज्ञा चालवणाऱ्या पायथनचाच जातो. मी नोंदीची फाइल उघडून बघितली. वरतीच तो चुकीचा पत्ता माझ्याकडे बघत होता.

या वेळी मी तिच्या फोल्डरातल्या पायथनचा सगळा रस्ता टाइप केला आणि पुढे तीच आज्ञा दिली. तर त्यानं सांगितलं, ipykernel नावाचं मॉड्यूलच इथं नाही. ज्युपिटरशी बोलायला प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये ते लागतं. तिच्या यादीत ते नव्हतं, कुणाच्याच यादीत नव्हतं, कारण पहिल्यांदा ते मीच हातानं घातलेलं होतं.

तेव्हा मागून प्रयोगशाळेच्या सहायक बाई बोलल्या. आमच्या आधीपासून इथं आहेत, माहेर-सासर दोन्हीकडे यंत्रमाग, आणि स्पष्ट बोलण्यात कुणाला हार जात नाहीत. "सर, शनिवारी तुमीच बसला होता की. सगळं काढून नवीन केलं म्हणत होता."

शनिवारी अडीच तास बसून मी टर्मिनलमध्ये तपासलं होतं, एकदाही ज्युपिटर उघडून एक नोटबुक चालवून बघितलं नव्हतं. माझ्या साफसफाईचं खापर मी तिच्या डोक्यावर फोडलं होतं, भर वर्गात.

तिच्या पायथनकडून मी ipykernel बसवून घेतलं. आमचं इंटरनेट त्या दिवशी मुंगीच्या चालीनं चाललं होतं, त्यात वीस मिनिटं गेली. मग त्याच पायथननं केळी पुन्हा नोंदवला. जुनी नोंद जाऊन तिच्या जागी नवी बसली. तिनं नोटबुकचा कर्नल बंद करून पुन्हा सुरू केला, वरच्या दोन ओळी चालवल्या, आणि पत्ता तिच्या फोल्डरचा आला. एक्सजीबूस्ट काही न बोलता आलं. दहा वाजत आले होते.

उरलेल्यांचे कर्नल मी पुढच्या तासाभरात त्याच रीतीनं नोंदवले, तोंड खाली घालून.

परीक्षक वेळेवर आले. त्यांनी तिचं नोटबुक वरून खाली बघितलं, घडांच्या वजनाचे अंदाज बघितले, फणीबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि मग बोट पहिल्या चौकोनावर ठेवलं. "हे कशासाठी?"

तिला एका वाक्यात माझी अब्रू काढता आली असती.

"आपन कुटं हाय ते आदी बगावं म्हनून, सर," ती म्हणाली.

ते हसले आणि पुढे गेले.

गुणपत्रक मात्र समोरच होतं. शाईनं लिहिलेला गुण बदलायचा तर त्यावर काट मारून खाली कारण लिहावं लागतं, आणि दोन्ही परीक्षकांची सही लागते. नुसतं ‘लेखनातील चूक’ असं लिहिलं तरी चालतं, सगळे तेच लिहितात. मी पेन हातात घेऊन बसलो. तेच लिहावं असं फार वाटलं, हे कबूल करतो. मग मी दोनावर काट मारली, नऊ लिहिले आणि खाली लिहिलं: ‘परीक्षार्थीची चूक नव्हती. तिला न कळवता तिचं एन्व्हायर्नमेंट मी बदललं होतं.’ परीक्षकांनी ते वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

दुपारी ती निघाली. मी तिला व्हरांड्यात गाठलं. "चुकलो मी," म्हणालो. "तुम्हाला सगळ्यांसमोर बोललो, तेही चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. राग नव्हता, मान्य केल्यासारखं म्हणाली. पिशवी खांद्यावर घेतली, आणि जाता जाता थांबली.

"सर, शनिवारी एक फोन केला असता तर मी रइवारी यिऊन चालवून बगितलं असतं की."

तिचा नंबर माझ्याकडे होता. तिनं दिलेल्या लायब्ररींच्या यादीवर, सगळ्यात वरच्या ओळीत, तिनंच लिहून ठेवला होता. शनिवारी तीच यादी समोर ठेवून मी एकेक लायब्ररी बसवत होतो.