बटण नसलेले तीन व्हिडिओ

नवरा फर्डिनंड गेल्यापासून जॉयसबाय सगळं करत होती. चर्चमध्ये मिस्साला जात होती, भात शिजवत होती, कोणी आलं तर चहा टाकत होती. फक्त आतून काही हलत नव्हतं. लोक म्हणायचे, धीराची आहे. धीर कसला, बधिर झाली होती बिचारी!

मुलगा रिचर्ड दुसऱ्या दिवशी जहाजावर कामाला परत निघणार होता. तिकडे समुद्रात नेटचा भरवसा नाही, म्हणून बोळिंजच्या घरी बसून तो पप्पांच्या रील्स फोनमध्ये उतरवून घेत होता. केळीला माती कशी लावायची, वालाला मांडव कसा घालायचा; फर्डिनंडला कॅमेऱ्यासमोर बोलायची भारी हौस.

"मम्मी, बाकी सगळे उतरले. पण तुझ्याबरोबरचे जे तीन आहेत ना, त्यांच्याखाली डाउनलोडचं बटणच नाय." मम्मी-पप्पांचं एकत्र बोलणं होतं ते त्या तिन्हींतच.

"तुझा मोबाइल बिघडला असेल," जॉयसबाय म्हणाली.

रिचर्डने अ‍ॅप अपडेट केलं, फोन बंद करून चालू केला. बटण काही येईना. मग एलिसाने, त्याच्या बहिणीने, कपाटातून पप्पांचा फोन काढला. त्याचं लॉक कसं उघडायचं ते तिला माहीत होतं.

"बघणाऱ्याच्या हातात काही नसतं रे," ती म्हणाली. "ज्याने टाकला तो ठरवतो. पप्पांच्या अकाउंटला डाउनलोड चालूच आहे. पण एकेका व्हिडिओला वेगळं बंद करता येतं. हे बघ, या तिन्हींना त्यांनी स्वतः बंद केलंय."

"का पण?" रिचर्ड म्हणाला.

जॉयसबायला ठाऊक होतं. घरच्या कपड्यांत, विळीवर मासे कापताना तिला फर्डिनंडने व्हिडिओत घेतलं होतं, तेव्हा ती खवळली होती. उद्या कोण कोण उतरवून गावभर फिरवेल! काढून टाका म्हणाली होती. तो "बघतो" म्हणाला आणि व्हिडिओ तसेच राहिले. त्यावरून ती सगळ्या पाहुण्यांत म्हणायची, आमच्याकडे माझं बोलणं या कानाने ऐकतात नि त्या कानाने सोडतात.

"पप्पांच्या फोनवरून आपला व्हिडिओ आपल्याला उतरवता येतो," एलिसा म्हणाली. "उतरवून रिचर्डला पाठवते. का सगळ्यांसाठी चालू करून टाकू?"

"रिचर्डला पाठव." जॉयसबायचा आवाज कित्येक दिवसांनी कापला. "चालू नको करू. त्यांनी माझ्यासाठी बंद केलंय."

मग पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "ऐकलं होतं गं त्यांनी माझं. मीच लोकांत वाईट बोलत राहिले." आणि हमसून हमसून रडली.