दुरुस्तीच्या दोन फेऱ्या

आश्रमशाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन शहाद्याला घर बांधलं, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. लग्नपत्रिका आली तरी मी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते आणि मग लग्न कुणाचं ते. आमचे हे म्हणायचे, "तू यमराजनी चिठ्ठीमां बी चूक काढशी." मी हसायचे. मला त्या खोडीचा अभिमानच होता.

धडगावच्या वरच्या अंगाला माझ्या जुन्या शाळेजवळ बायकांचा एक बचत गट आहे. उन्हाळ्यात त्या आमचूर करतात. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, दगडांवर वाळवायच्या, आणि मग व्यापारी येऊन म्हणेल त्या भावाला द्यायचा. दर वर्षी तेच. शेवटी त्यांनी मला म्हटलं, "बाई, आमचं काहीतरी करा, पुण्या-नाशकाच्या लोकांना सरळ विकता येईल असं." वेबसाइट करायचं ठरलं. गटानं पैसे काढले आणि सगळा व्यवहार माझ्या हातात दिला. बाई म्हणतील ती पूर्व दिशा, असं होतं तिथं माझं.

वेबसाइट करणारी पण माझीच निघाली. तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची पोरगी. तिसरीत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, घरी पावरीच बोलायचे. पुढं शिकली, पुण्यात नोकरी केली, आणि परत येऊन नंदुरबारला झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेऊन वेबसाइट करायला लागली. माझा फोन गेला तशी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं शहाद्याला हजर. पाया पडली. चहा घेतला आणि पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. कराराचा. एकच पान, मराठीत, तिनं स्वतः लिहिलेलं.

"बाई, पुण्यात असताना दोन-तीनदा फसले. तेव्हापासून सगळ्यांशी कागद करते. एकदा वाचून घ्या."

माझ्या कपाळावर आठी आली, खोटं कशाला सांगू. हिला मी अ आ ई शिकवलं आणि ही मला कागद दाखवते? आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "आपलीच पोर शे, कागद कसाले?" पण पोरगी शांत बसून होती. म्हटलं, आण इकडे. आणि पेन उघडलं.

तिच्या देखत मी तो कागद तपासला. हो, तपासलाच, वाचला नाही. 'मालकि'चं 'मालकी' केलं, 'तिन टप्पे'चं 'तीन टप्पे'. एकूण नऊ चुका निघाल्या. "अजून दीर्घ-ऱ्हस्व येत नाही गं तुला," मी म्हटलं. ती लाजून हसली, तिसरीत हसायची तशीच. खाली मी सही ठोकली आणि सवयीनं समासात 'छान' लिहिलं. तिनं दुसऱ्या प्रतीवर त्याच दुरुस्त्या केल्या, दोघींनी दोन्हींवर सह्या केल्या. लाल खुणांची प्रत माझ्याकडे राहिली. तिनं गटाच्या नावानं एक ई-मेल उघडून त्यावर साइटचं नाव नोंदवलं, आणि पासवर्ड माझ्या डायरीत माझ्याच हातानं लिहून घेतला. जाताना म्हणाली, "बाई, हे नाव पहिल्या दिवसापासून गटाचं. माझ्याकडे काही अडकायला नको." मी मान हलवली. माझं लक्ष तिच्यासाठी डबा भरण्यात होतं.

काम छान चाललं. पैशांचा पहिला टप्पा सुरुवातीला दिला, दुसरा नमुना पसंत पडल्यावर. नमुना बघून मी बदलांची यादी पाठवली, तिनं केले. दुसरी यादी पाठवली, तेही केले. आणि मग मला चटकच लागली. सकाळी चहा पिता पिता मोबाईलवर बोलून पाठवायचं. हिरवा जरा गडद कर. नको, आधीचाच बरा होता. फोटो मोठा. त्या फोटोत डावीकडची बाई हसत नाही, दुसरा टाक. हळदीचं एक पान वाढव. मोहाचं पण टाक ना. आमच्या गटातल्या बायकांनाही मी सांगून ठेवलं होतं, सुचेल ते कळवा. पोरगी प्रत्येक वेळी "हो बाई" म्हणायची आणि करून द्यायची; नवी पानं तेवढी बाकी होती.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन आठवड्यांवर आली. कैरी वाळत होती, माल तयार होत होता, साइट त्याआधी लोकांसाठी उघडायलाच हवी होती. तेव्हा तिचा फोन आला. आवाज खाली.

"बाई, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या कधीच झाल्या. त्यापुढचं पाच-सहा वेळा मी पैसे न धरता केलं. पण हळद आणि मोहाची नवी पानं म्हणजे वेगळं काम आहे, त्याचं वेगळं धरावं लागेल. नाहीतर ती पानं राहू द्या, शेवटचा टप्पा द्या, मी उद्या साइट सुरू करते."

"फेऱ्या?" मी म्हटलं. "कसल्या फेऱ्या? शहाद्याला तू एकदाच आलीस! अजून एक फेरी बाकीच आहे तुझी."

आमच्याकडे फेरी म्हणजे एस.टी.ची फेरी. सकाळची फेरी गेली, दुपारची रद्द झाली. दुसरी कुठली फेरी माझ्या डोक्यात शिरणारच नव्हती. मला खरंच वाटत होतं, की ती दोनदा माझ्या घरी येऊन बदल समजून घेईल, आणि मोबाईलवर सांगितलेलं तर नुसतं बोलणं झालं.

"बाई, फेरी म्हणजे बदलांची एक यादी. कागदात लिहिलंय."

"कागदात असलं काही नव्हतं," मी म्हटलं. आणि शेवटचा टप्पा अडकवून ठेवला. आधी दोन्ही पानं, मग पैसे.

पुढच्या आठवड्यात गटाची बैठक माझ्या ओसरीवर भरली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाई, माल तयार आहे. साइट का नाही?" बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या क्षणी मला 'माझं चुकलं असेल' म्हणता आलं असतं. निदान 'कागद बघून सांगते' तरी. पण नाही. मी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "तू कागदात मागाहून काहीतरी घुसवलंस. आणि आमच्या गटाच्या साइटचं नाव पण तुझ्याकडेच अडकवून ठेवलंस."

"बाई, तुमच्याकडे कागद आहे ना. एकदा बघा ना. सही तुमची आहे."

"मला कागद शिकवतेस? तुला पाटीवर अक्षर मी काढायला शिकवलं!"

तिकडून मग "बरं, बाई," एवढंच. फोन बंद.

आखाजी आली आणि गेली. बायकांनी आमचूर व्यापाऱ्याला दिला, नेहमीच्या भावाला. कुणी मला बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, "शिकली की पोरं अशीच होतात." मी ते ऐकून घेतलं. शेजारच्या दुसऱ्या एका गटानं तिला काम देण्याचं कबूल केलं होतं. त्यांनी मला विचारलं, पोरगी कशी आहे? मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा बाई." एवढंच म्हटलं, पण त्या एवढ्यानं काम गेलं. आमच्याकडे बाईंचं मौनसुद्धा दाखल्यासारखं चालतं. पुढं कुणीतरी सांगितलं, तिनं नंदुरबारची खोली सोडली आणि सुरतेला नोकरी धरली.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्या फायलीत कागद शोधताना तो करार हाताला लागला. उभ्या उभ्याच वाचला. पहिल्यांदा वाचला, असंच म्हणायला हवं.

कलम तीन. "दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ठरलेल्या रकमेत धरल्या आहेत. एक फेरी म्हणजे सर्व बदलांची एकत्र लिहिलेली एक यादी. त्यापुढील बदल किंवा नवीन पाने यांचे पैसे आधी सांगून वेगळे घेतले जातील." कलम चार, तीन टप्पे, आणि शेवटचा मिळाल्यावर साइट सुरू. कलम पाच, साइटचं नाव, मजकूर आणि फोटो सुरुवातीपासून गटाचे. आराखडा आणि त्यामागचं सगळं काम शेवटचा टप्पा मिळताच गटाच्या मालकीचं. केलेल्या कामाचा नमुना म्हणून ते दाखवण्याची तिला मुभा.

सगळं होतं. आणि कलम तीनमध्ये तिनं 'दुरूस्ती' लिहिलं होतं, त्यातल्या दीर्घ ऊवर लाल काट मारून माझ्या वळणदार अक्षरात ऱ्हस्व उ काढलेला होता. मी घुसवलं म्हणत होते त्या कलमावर माझंच लाल पेन फिरलेलं होतं. शेजारी समासात 'छान'.

मी खाली बसले. हे बाहेरून आले, म्हणाले, काय झालं? मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पोरनं तर सांगेल व्हतं, वाची ल्या." तिनंच कशाला, दहावीचा फॉर्म भरताना मी स्वतः तिला आणि तिच्यासारख्या शेकडो पोरांना दटावून सांगितलं होतं, वाचल्याशिवाय सही करायची नाही. किती तोऱ्यात सांगायचे मी ते!

डायरी उघडली. पासवर्ड तिथंच होता. साइटचं नाव कुठंही अडकलेलं नव्हतं.

गटाच्या पुढच्या बैठकीला मी वर गेले आणि सगळं सांगितलं, कागद दाखवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जाऊ द्या बाई, तुम्ही मोठ्या आहात." शेजारच्या गटाकडेही गेले. त्यांनी मान हलवली, पण मी उन्हाळ्यात न बोललेलं त्यांच्या जास्त लक्षात होतं. बूंद से गई वो हौद से नहीं आती, म्हणतात ना, तसं.

शेवटचा टप्पा, आणि नंतर केलेल्या कामाचे अंदाजानं वेगळे, असे पैसे मी तिला पाठवले. सोबत लांबलचक संदेश लिहिला. माझं चुकलं असं सरळ लिहिलं, फिरवून नाही. फोन लावायची हिंमत झाली नाही.

जास्तीचे पैसे तासाभरात परत आले. संध्याकाळी साइट सुरू झाली, सगळ्या फायली गटाच्या ई-मेलवर आल्या. खाली तिचा मजकूर होता:

"माननीय ग्राहक, अंतिम टप्पा मिळाला. कलम पाचप्रमाणे आजपासून साइटची संपूर्ण मालकी आपल्या गटाची आहे. दुरुस्तीच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या आहेत. त्यापुढील काम मी घेत नाही. धन्यवाद."

मी तो मजकूर दोनदा वाचला, नीट, शब्द न् शब्द. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. 'बाई' हा शब्दही कुठं नव्हता.