गुलाबी खलनायक

लालबागला सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका पेंटरजवळ मी रोज उभा राहायचो. सिनेमा काळा-पांढरा, रंग मात्र याचे. नायक गुलाबी, खलनायकाच्या गालांवर हिरवी सावली, उजेड हनुवटीखालून. एकदा त्याने खलनायकच गुलाबी केला, पांढऱ्या सदऱ्यातला.

"यात खुनी शेवटी कळतो. हिरवा रंग मारला तर पब्लिक बाहेरच ओळखेल रे!" तो म्हणाला.

तेवढ्यात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका गृहस्थाने मला गोड हसत विचारलं, "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तुमच्या चाळीतले कोण कोण होते?" मी कौतुकाने दोन नावं सांगितली. पेंटरचा ब्रश थांबला.

दुपारी पोलिसांनी त्या दोघांना नेलं.

दुसऱ्या दिवशी बॅनरवर खलनायकाशेजारी माझा चेहरा होता. हिरवा नव्हता. छान गुलाबी होता.