पाऊण तासाचा उजेड

आमच्या गल्लीत त्यांना मिनिटकाका म्हणतात. जेवलात का विचारलं तर "वीस मिनिटं झाली" म्हणणारा माणूस. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण चपखल ठेवलं. रात्रपाळीचा रखवालदार, अठ्ठावीस वर्षं. सध्या नेमणूक बाहेरच्या रस्त्यावर खणलेल्या चरावर. गॅसची नळी टाकायला खणलेला चर पुरुषभर खोल, अर्धा रस्ता खाऊन बसलेला, आणि तोही नेमका वळणाच्या पुढे. चराच्या कडेला दोन काळी पिंपं, दोरी आणि तारेवरचे तीन लाल दिवे. ज्या शहाण्याने पिंपांना पांढरा रंग द्यायचा राहू दिला, त्याला एक रात्र तिथे उभा करायला हवा होता.

काकू जाऊन पन्नास दिवस झाले होते. तेव्हापासून काका वेळेवर उठत, वेळेवर जात, समोर ठेवलेलं खात. रडले नाहीत. काही वाटतच नाही, असं ते एकदा मलाच म्हणाले. हात बधिर झाल्यावर जसं आपलंच बोट दुसऱ्याचं वाटतं, तसं. सूनबाई पुढ्यात ताट ठेवायची, रिकामं उचलायची, आणि त्या घरात दिवसाकाठी चार शब्द झाले तर डोक्यावरून पाणी.

टॉर्चचं असं होतं. काका सकाळी येऊन ती फळीवर ठेवायचे आणि झोपायचे. संध्याकाळी ती भरलेली असायची. ती आपोआप भरत नाही हे काकांना काकू गेल्यावर कळलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर काकूंच्या पेन्सिलीचे आकडे होते. नवी होती तेव्हा चार तास, मग साडेतीन, आणि शेवटच्या महिन्यात अडीच. "अडीच तासांतच हिरवा दिवा लागतो हो," काकू म्हणायच्या. "हिचं पोट लहान झालंय, तुमच्यासारखंच." काका हसायचे आणि कूस बदलायचे.

त्या दिवशी पहाटे टॉर्च स्वतःहून विझली होती, म्हणजे बॅटरी पार रिकामी. आणि काका ती चार्जिंगला लावायला विसरले. संध्याकाळी सातला आठवण झाली, आठला निघायचं होतं. एक तास लावली. हिरवा दिवा लागला नाही, तशीच उचलली.

रात्री दोनला वीज गेली. लाल दिवे गेले आणि वळणापुढचा रस्ता शाईत बुडाला. काकांनी मुकादमाला फोन केला.

"सकाळी बघू, काका."

"सकाळपर्यंत कोण पडलं तर?"

"तुम्ही आहात ना तिथे. टॉर्च दाखवा. आणि जाळबिळ करू नका, शेजारून जुनी गॅसची नळी गेलीय."

काका पिंपावर बसले आणि हिशोबाला लागले. चार्जर तासाला पाचशे एमएएच भरतो, तसं त्यावर छापलं होतं. टॉर्चचा मोठा दिवा तासाला तेवढंच पितो. अडीच तास लावली की मोठा दिवा अडीच तासच चालतो, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलेलं. म्हणजे एक तास भरली तर एक तास उजेड. त्यातला अर्धा तास रचून ठेवलेल्या नळ्या मोजायच्या तीन फेऱ्यांत गेला होता. उरली तीस मिनिटं. उजाडायला सहा वाजणार.

बारीक दिवा पाचपट कमी पितो. त्यावर अडीच तास निघाले असते. पण तोही साडेचारला संपणार, आणि तो वीस पावलांपलीकडे दिसत नाही. साठच्या वेगाने येणारी गाडी, चालकाने ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच पंचवीस मीटर पुढे येते आणि थांबायला आणखी तेवढंच खाते. म्हणजे मोठाच दिवा हवा, तोही वळणाच्या अलीकडे उभं राहून. मग एकच उपाय होता. दिवा बंद ठेवायचा, गाडीचा आवाज आला की लावायचा, ती चरापलीकडे गेली की विझवायचा. एका गाडीला अर्धं मिनिट. साठ गाड्या.

रोजच्या पाहण्यातून त्यांनी गाड्या मांडल्या. दोन ते तीन आठ, तीन ते चार पाच, चार ते पाच दहा, आणि पाचनंतर दूधवाले, भाजीवाले, इस्पितळाची बस धरून पस्तीस. एकूण अठ्ठावन्न. काकांनी साठ खडे वेचून पिंपावर ठेवले. गाडी गेली की एक खडा चरात.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती. जुनी बल्बची टॉर्च मरायच्या आधी पिवळी पडायची, तेवढी माणुसकी तिच्यात होती. ही नवी शेवटच्या मिनिटापर्यंत सारखी पांढरी जळते आणि एकदम जाते. म्हणजे खड्यांखेरीज सांगणारं कुणी नव्हतं.

चारपर्यंत हिशोब बरोबर चालला. साडेचारला कुठल्याशा लग्नाचं वऱ्हाड परतलं, एकामागोमाग चौदा गाड्या. पाच चाळीसला शेवटचा खडा चरात पडला. अजून वीस मिनिटं काळोख होता.

लांबून आवाज आला. काका रस्त्याच्या कडेवरून उठून मधोमध जाऊन उभे राहिले. दिवा मध्येच गेला तरी गाडीच्या उजेडात माणूस तरी दिसेल, हा त्यामागचा हिशोब. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांनी बटण दाबलं. लागला.

ती गाडी गेली. पुढचीही गेली. दर वेळी आता दिवा जाईल म्हणून ते बटण दाबत आणि दर वेळी तोच पांढरा झोत. सहाव्या खेपेला इस्पितळाची बस कचकन थांबली. आत रात्रपाळीत जागलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"काका, मरायचंय का?"

काकांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "डावीकडून घे. उजवीकडे खड्डा आहे."

चालकाने खाली चरात पाहिलं आणि बस डावीकडून नेली.

एकूण चौदा गाड्या खड्यांवेगळ्या गेल्या. म्हणजे सात मिनिटं जास्तीची. सहाला झुंजूमुंजू झालं, पिंपं दिसू लागली. दुसरा कुणी टॉर्च खिशात घालून मोकळा झाला असता. काकांनी ती चालूच ठेवून पिंपावर मांडली आणि घड्याळ धरून बसले. सहा अडतीसला ती विझली.

सात आणि अडतीस. पंचेचाळीस मिनिटं. हिशोब चुकलेला नव्हता. त्यात कुणीतरी भर घातली होती.

घरी आले तेव्हा मुलगा सकाळपाळीला गेलेला. सूनबाईने पाणी दिलं.

"काल टॉर्च लावली होतीस का?"

ती दचकली. पन्नास दिवसांत काकांनी आपणहून काही विचारलं नव्हतं. "दुपारी लावली होती, बाबा. लाइट गेली म्हणून काढून ठेवली."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

काकांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "मग लिहिलं का नाहीस?"

"आईंचं कॅलेंडर आहे ते. त्यावर मी कसं लिहिणार?"

काका उठले. कॅलेंडरमागे दोऱ्याला बांधलेली पेन्सिल होती, दातांनी चावून काकूंनी टोक बोथट केलेली. ती त्यांनी सूनबाईच्या हातात दिली. तिने कालच्या चौकोनात लिहिलं, पाऊण. तिचं अक्षर अगदीच वेगळं होतं, उभट आणि मोठं.

"रोज अडीच तास," काका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला तेव्हा त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "हिचं पोट लहान झालंय."

मग ते खाली बसले आणि रडले. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.